झोप लागते, लावता येत नाही

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलीतला बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि योगशिक्षकही नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, आय.टी. कन्सल्टंट म्हणून काम करतो. पण आमच्या व्यवसायात एक खोड लागते. एखादी गोष्ट चालते म्हटलं की ती नेमकी कशामुळे चालते आणि कुठे बंद पडते, हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. झोपेच्या बाबतीत गेली काही वर्षं मी तेच करतोय, आणि त्यातलं जे पक्कं हाताला लागलं तेवढंच आज तुमच्यापुढे मांडणार आहे.

बहरीनमध्ये झोपेची तक्रार करणाऱ्यांना तोटा नाही. आपला आठवडा रविवार ते गुरुवार. अमेरिकेचा सोमवार ते शुक्रवार. म्हणजे ज्यांचे क्लायंट न्यूयॉर्कला आहेत त्यांची शुक्रवारची सुट्टी नावापुरतीच. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या आठ तास मागे असतं. त्यांची दुपारी तीनची मीटिंग म्हणजे आपले रात्रीचे अकरा. इकडे भारत अडीच तास पुढे, त्यामुळे आईचा फोन पहाटेच येणार! मधल्या वेळात जी काही झोप मिळेल ती आपली. अशा माणसाला अंथरुणावर पडल्यावर तासभर तळमळत राहणं परवडत नाही. मग कोणीतरी सांगतं, “ध्यान कर रे, झोप लागेल.” तो बिचारा पलंगावर पडल्या पडल्या ध्यान करायला लागतो आणि अर्ध्या तासानं टक्क जागा असतो. माझ्या मते बहुतेक घोळ इथेच होतो. ध्यान, बॉडी स्कॅन आणि योगनिद्रा ही तिन्ही आपण एकाच डब्यात भरतो. प्रत्यक्षात झोपेशी प्रत्येकाचं नातं वेगळं आहे.

आपली भाषा या बाबतीत फार शहाणी आहे बघा. मराठीत आपण दिवा लावतो, दार लावतो, गजर लावतो. झोप मात्र ‘लागते’. जशी भूक लागते, ठेच लागते, तशी. ती करायची क्रिया नाही. झोपायचा प्रयत्न करणं म्हणजे काय, तर ‘लागली का? अजून नाही? किती वाजले?’ अशी स्वतःवर सतत पाळत ठेवणं. ही पाळत ठेवणारा जोवर ड्यूटीवर आहे, तोवर झोप येणार कुठून? पाळत ठेवणं हेच तर जागेपण.

आता बसून करायचं ध्यान घ्या. श्वासावर लक्ष ठेवायचं. मन भटकलं की ते भटकलं हे ओळखायचं आणि हळूच परत आणायचं. पुन्हा भटकलं, पुन्हा आणायचं. यात खरा व्यायाम कशाचा होतो? ‘भटकलं हे ओळखण्याचा’. म्हणजे त्या पाळत ठेवणाऱ्यालाच तालीम मिळते. म्हणून तर पाठ ताठ ठेवून बसायला सांगतात. बौद्ध परंपरेत ध्यानाच्या वाटेतले जे पाच अडथळे मोजले आहेत, त्यांत आळस आणि तंद्री यांची जोडी आहे. ध्यानात पेंग येणं ही चूक समजली जाते, आणि त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं शिबिर केलेले काही जण इथे बसले असतील. पहाटे चारला घंटा, साडेचारपासून बैठक, दिवसाला सुमारे दहा तास ध्यान. त्यांना विचारा, शेवटी शेवटी झोप वाढली की कमी झाली. बरेच जण सांगतात की कमी झाली आणि तरी थकवा नव्हता. मग जी गोष्ट जागं राहण्यासाठी घडवली, ती रात्री बारा वाजता झोपेसाठी वापरायची आणि चालली नाही म्हणून ध्यानाला नावं ठेवायची, यात ध्यानाचा काय दोष? रोज नियमानं ध्यान करणाऱ्याची झोप काही आठवड्यांनी सुधारू शकते. पण तो दिवसाच्या सरावाचा परिणाम असतो, रात्रीच्या गोळीसारखा वापर नव्हे.

बॉडी स्कॅनची गंमत अशी की त्याचं मूळही तिथेच, इगतपुरीच्या चुलतघरी आहे. सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले ते आपले गुरू ऊ बा खिन यांची पद्धत घेऊन. डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत संवेदना बघत जायची ती पद्धत. याच ऊ बा खिन यांच्या परंपरेतलं शिक्षण अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांच्यापर्यंत पोचलं. त्यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जुनाट दुखण्यांच्या रोग्यांसाठी वर्ग सुरू केला. पाठदुखीनं बेजार माणसाला मांडी घालून तासभर बसवणार कसं? म्हणून त्यांनी रोग्यांना आडवं झोपवलं. डाव्या पायाच्या बोटांपासून सुरुवात करून हळूहळू वर डोक्यापर्यंत, पंचेचाळीस मिनिटं. प्रत्येक ठिकाणी थांबायचं आणि तिथे जे असेल ते जाणवू द्यायचं. मुंग्या, ऊब, दुखणं, किंवा काहीच नाही. आडवं झाल्यावर अर्थातच अर्धा वर्ग घोरायला लागे. त्यावर कबाट-झिन यांचं म्हणणं असं की इथे झोपी जायचं नाही, जागं व्हायचं आहे; फारच पेंग आली तर डोळे उघडे ठेवून करा. म्हणजे बॉडी स्कॅन आडवा असला तरी हाडाचं ध्यानच.

तिसरी योगनिद्रा. हा शब्द आपल्याला नवा नाही. आषाढी एकादशीला भगवान विष्णू झोपतात आणि दिवाळी उलटल्यावर कार्तिकीला उठतात, ती त्यांची योगनिद्रा. हठयोगाच्या ग्रंथांत हा शब्द समाधीच्या जवळपासच्या अर्थानं येतो. पण आज सीडीवर किंवा फोनवर आपण जी ऐकतो, ती बांधीव, पायऱ्यापायऱ्यांची योगनिद्रा मुख्यतः स्वामी सत्यानंद सरस्वती यांची. ते ऋषिकेशच्या शिवानंदांचे शिष्य. त्यांनी बिहारमध्ये मुंगेरला योगविद्यालय काढलं आणि १९७६ मध्ये याच नावाचं पुस्तक प्रसिद्ध झालं. ते एक अनुभव सांगत. तरुणपणी एका पाठशाळेत रात्रीची राखण करून ते पहाटे गाढ झोपत, आणि त्याच वेळी मुलं मंत्र म्हणत. पुढे कधीतरी तेच मंत्र कानावर पडले तेव्हा ते आपल्याला ओळखीचे आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. झोपेतही काहीतरी ऐकत असतं, या विचारातून आणि तंत्रातल्या ‘न्यास’ या विधीतून त्यांनी ही पद्धत बसवली.

न्यास म्हणजे काय, हे गुरुजींना पूजेच्या वेळी बघितलंय ना तुम्ही? मंत्र म्हणत हृदय, मस्तक, शेंडी असा एकेका अवयवाला हात लावतात, तोच. त्याहून जवळचं उदाहरण देतो. आपल्यापैकी किती जणांच्या घरी संध्याकाळी दिवा लावल्यावर रामरक्षा म्हणायचे? (बरेच हात वर.) तिच्यातला कवचाचा भाग आठवा. डोकं, कपाळ, डोळे, कान, नाक, तोंड, जीभ, गळा, खांदे, हात, हृदय, बेंबी, कंबर, मांड्या, गुडघे, पोटऱ्या, पावलं, आणि सगळ्यात शेवटी अख्खं शरीर. एकेका अवयवाचं नाव, ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या लयीत, एकाच आवाजात. रामरक्षा झोपेसाठी रचलेली नाही, ते रक्षणाचं स्तोत्र आहे. पण आजीच्या मांडीवर डोकं ठेवून ती ऐकणाऱ्या किती मुलांनी कवचाच्या पुढचा भाग कधी जागेपणी ऐकलाय, याची मला शंकाच आहे.

योगनिद्रेचा गाभा हाच. शवासनात पडायचं, एक छोटा संकल्प करायचा आणि मग बाहेरचा आवाज शरीराच्या एकेका भागाचं नाव घेत जातो. त्यानंतर श्वास उलटा मोजणं, जड-हलकं, गरम-गार अशा विरुद्ध जाणिवा, मग काही दृश्यं, पुन्हा संकल्प, आणि शेवटी हळूहळू बाहेर येणं. मूळ योगनिद्रेतही झोपायला बंदी आहे! सुरुवातीलाच मनाशी म्हणायला लावतात की मी झोपणार नाही. झोप आणि जाग यांच्या उंबरठ्यावर राहायचं, ही तिची अट.

म्हणजे तिघींच्याही पाटीवर ‘झोपू नये’ असंच लिहिलंय. मग योगनिद्रेनं झोप लवकर का लागते? याचं उत्तर मला तिच्या वेगात आणि तिच्या आवाजात सापडतं. ध्यानात मन भटकलं तर परत आणायची जबाबदारी तुमची. योगनिद्रेत आवाज म्हणतो, मनगट, कोपर, खांदा. तुमचं लक्ष मनगटावरून उडून उद्याच्या डेडलाइनवर गेलं, कोपर हुकलं, तरी बिघडत नाही. आवाज खांद्यावर पोचलेला असतो, तुम्ही तिथे त्याला गाठा. हुकलेलं परत करायचं नाही. इथे कोणी हजेरी घेत नाही. एका भागावर वेळ इतकाच मिळतो की ती जागा जाणवावी, पण तिच्याविषयी विचार सुरू होऊ नये. विचार शब्दांत चालतात आणि शब्दांची जागा आधीच अवयवांच्या नावांनी अडवलेली असते. पाळत ठेवणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही, मग तो कंटाळून घरी जातो.

हे माझं स्पष्टीकरण, पण अगदी हवेतलं नाही. ऑक्सफर्डमध्ये ॲलिसन हार्वी आणि पेन यांनी २००२ मध्ये निद्रानाशाच्या रोग्यांवर एक साधा प्रयोग केला. काहींना झोपताना एखादं शांत, गुंतवून ठेवणारं दृश्य मनात रंगवायला सांगितलं, काहींना नुसतंच ‘विचार टाळा, दुसरीकडे लक्ष द्या’ असं सांगितलं, आणि काहींना काहीच सांगितलं नाही. दृश्य रंगवणाऱ्यांना आपल्याला लवकर झोप लागल्याचं जाणवलं. मनाला ‘रिकामं हो’ म्हणून चालत नाही, बिनधोक असं काहीतरी चघळायला द्यावं लागतं.

खास योगनिद्रेवरचं काम तर आपल्या पुण्याशी जोडलेलं आहे. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. करुणा दत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट निद्रानाशाच्या ४१ रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला या विकाराचे प्रमाणित वर्तनोपचार दिले, दुसऱ्याला योगनिद्रा. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांची झोप सुधारली. योगनिद्रेच्या गटात गाढ झोपेचं प्रमाण वाढल्याचं आणि लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झाल्याचंही दिसलं. ४१ हा आकडा लहान आहे हे विसरू नका. याच लोकांचा २०२२ मधला दुसरा अभ्यास मला जास्त मजेदार वाटतो. योगनिद्रा चालू असताना मेंदूच्या विद्युतलहरी तपासल्या तर माणूस जागाच होता, पण मेंदूच्या काही भागात झोपेसारख्या मंद लहरी दिसत होत्या. म्हणजे घर जागं, पण एका खोलीतला दिवा मालवलेला. उंबरठा म्हणतात तो बहुधा हाच.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. मूळ योगनिद्रा झोपेसाठी वापरायची तर तिला थोडी कात्री लावावी लागते. जाणकारांनी रागावू नये. सकाळच्या साधनेसाठी मूळ पद्धत तशीच ठेवा. रात्रीसाठी ‘मी झोपणार नाही’ हे वाक्य काढा. संकल्प काढा, कारण ‘मला झोप येवो’ असा संकल्प केला की परीक्षा सुरू झालीच. गरम-गार, जड-हलकं यातलं फक्त जड आणि उबदार ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवट काढून टाका. बाजारातल्या कितीतरी ध्वनिफितींत विसाव्या मिनिटाला प्रसन्न आवाजात कोणीतरी सांगतं, “आता हळूच डोळे उघडा.” अहो, नुकता डोळा लागलेला असतो! कुठे घंटा वाजते, कुठे मध्येच जाहिरात लागते. त्यापेक्षा स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या आवाजात मराठीत रेकॉर्ड करा. नाटकी नको, मखमली नको. रेल्वेच्या उद्घोषणेपेक्षा थोडा मऊ असला की पुरे.

क्रम असा ठेवा. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी. तळहात, हाताची मागची बाजू, मनगट, कोपर, खांदा, काख. बरगड्यांची बाजू, कंबर, नितंब, मांडी, गुडघा, पोटरी, घोटा, टाच, तळवा, पायाची वरची बाजू, मग अंगठ्यापासून पाचही बोटं. तसंच डावीकडे. मग पाठ खालून वर, मान, डोक्याची मागची बाजू, टाळू, कपाळ, भुवया, डोळे, गाल, ओठ, जबडा, गळा, छाती, पोट. शेवटी सगळं शरीर एकदम. ही साधारण सत्तर नावं होतात. मूळ पद्धतीत ती भराभर घेतात. रात्रीसाठी मी एका नावाला चार सेकंद ठेवतो, साधारण एका श्वासाएवढे. म्हणजे एक फेरी पाच मिनिटांच्या आसपास. तीन फेऱ्या रेकॉर्ड करा, प्रत्येक फेरी आधीपेक्षा किंचित सावकाश आणि हळू आवाजात, आणि तिसरीनंतर नुसती शांतता. क्रम कधीही बदलू नका. पुढे काय येणार हे शरीराला पाठ झालं की मनाला वाट बघायचं कारण उरत नाही. पाठ झाल्यावर रेकॉर्डिंग नसलं तरी चालतं, मनातल्या मनात नावं घ्या.

बॉडी स्कॅन याच कामासाठी वापरायचा असेल तर चौकशी कमी करा. ‘इथे नेमकं काय जाणवतंय’ हा प्रश्न दिवसा चांगला, रात्री तो कुतूहल जागवतो. रात्री फक्त तिथे जायचं आणि श्वास सोडताना तो भाग गादीवर टाकायचा. ज्यांना सत्तर नावांची घाई वाटते किंवा कोणाचाही आवाज नकोसा होतो, त्यांना हा सावकाश प्रकार जास्त मानवतो. मात्र ज्याला गुडघेदुखी किंवा पाठदुखी आहे, त्यानं दुखऱ्या जागी रेंगाळू नये. रात्रीच्या शांततेत तिथे लक्ष नेलं की दुखणं मोठं होतं. अशांना भरभर पुढे जाणारी योगनिद्राच बरी.

एक गोष्ट आपल्या इथल्या एसीविषयी. झोप येताना शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरतं, आणि ती उष्णता बाहेर जाते मुख्यतः हातापायांतून. स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं की ज्यांची पावलं उबदार असतात त्यांना झोप लवकर लागते. आपण ऑगस्टमध्ये एसी अठरावर ठेवतो आणि पाय गारठवून घेतो. खोली गार असू दे, पण पायांवर पांघरूण किंवा पातळ मोजे असू देत. ‘पाय उबदार होताहेत’ हे वाक्य गारठलेल्या पायांना ऐकवून काय उपयोग?

आता एका मित्राची हकिगत, त्याच्या परवानगीनं, नाव न सांगता. सीफला राहतो, न्यूयॉर्कच्या टीमबरोबर काम. आठवड्यातून चार दिवस कॉल रात्री साडेअकराला संपायचा, बाराला तो अंथरुणावर, सकाळी सहाचा गजर. दीड तास झोप नाही. तो पडून श्वास मोजायचा, एक ते दहा. चुकलं की पुन्हा एकपासून. हुशार माणूस, चुकायचाच नाही! दहा-दहाच्या कित्येक फेऱ्या बिनचूक आणि झोपेचा पत्ता नाही. त्यानं दोनच बदल केले. कॉल संपल्यावर उद्याची कामं कागदावर लिहून लॅपटॉप दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि पाऊण तासानं, म्हणजे सव्वाबाराला, आडवा व्हायचा. आणि श्वास मोजण्याऐवजी बायकोच्या आवाजातलं तीन फेऱ्यांचं रेकॉर्डिंग.

मोजमाप कसं करायचं, यावर आमची बरीच चर्चा झाली. घड्याळ बघितलं की पाळत आली. म्हणून त्यानं सकाळी उठल्यावर एकच गोष्ट लिहायची ठरवली, काल शेवटचा आठवतो तो अवयव कोणता. पहिल्या आठवड्यात दोनदा तिन्ही फेऱ्या संपल्या आणि तो जागाच होता, इतर दिवशी तिसऱ्या फेरीतला डावा पाय. दुसऱ्या आठवड्यात नोंदी दुसऱ्या फेरीत आल्या, कुठे पाठ, कुठे उजवी मांडी. मधे एकदा सॉफ्टवेअर रिलीज होतं, त्या रात्री पुन्हा तिन्ही फेऱ्या जागा. महिना होता होता पहिल्या फेरीतला डावा घोटा नाहीतर दुसरीतला उजवा खांदा अशा नोंदी यायला लागल्या. टाळूपर्यंत काल पोचलोच नाही, असं तो कौतुकानं सांगायचा. सांगायचं कारण असं की पहिल्या चार-पाच रात्रींत काही झालं नाही म्हणून सोडू नका. क्रम पाठ व्हायलाच तेवढा वेळ लागतो.

आपण बरोबर वाटेवर आहोत हे कशावरून ओळखायचं? नावं ऐकू येतात पण मध्येच असंबद्ध चित्रं दिसायला लागतात, शाळेचा वर्ग, त्यात ऑफिसचा बॉस. किंवा हात किती लांब आहे हे कळेनासं होतं. किंवा एकदम पायरी चुकल्यासारखा झटका बसतो. हे सगळं झोपेच्या उंबरठ्यावरचं नेहमीचं आहे, घाबरायचं नाही, आवाज जिथे असेल तिथून पुढे चालायचं. याउलट छातीत धडधड, गुदमरल्यासारखं होणं, जुनी वाईट आठवण उसळून येणं असं झालं, तर डोळे उघडा, दिवा लावा, थांबा. मोठ्या धक्क्यातून गेलेल्या काही माणसांना शरीराकडे लक्ष नेणं सुखाचं नसतं. त्यांनी हे जाणत्या माणसाच्या सोबतीनंच करावं.

आणि काही ठिकाणी याचा उपयोगच नाही. मोठ्यानं घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून उठणं, सात-आठ तास झोपूनही दिवसा गाडी चालवताना डोळा लागणं, ही झोपेत श्वास बंद पडण्याच्या विकाराची लक्षणं असू शकतात. त्याला डॉक्टर आणि तपासणी हवी, योगनिद्रा नव्हे. आडवं झालं की पायांत किडे चालल्यासारखं होऊन पाय हलवावेसेच वाटतात, तेही डॉक्टरांना दाखवा. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री आणि तीन महिन्यांहून अधिक काळ झोपेची तक्रार असेल, तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर पहिला उपाय म्हणून मघाशी सांगितलेले वर्तनोपचारच सुचवले जातात. अमेरिकेच्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ मध्ये तसं स्पष्ट म्हटलं आहे. योगनिद्रा त्यांच्या जोडीला चालेल. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनानं बंद करू नका.

भाषणानंतर एका काकूंनी विचारलं, “फज्रच्या अजानाच्या सुमारास जाग येते आणि मग झोप लागत नाही, तेव्हा काय करू?” तेव्हा फोन हातात घेऊ नका, घड्याळ बघू नका. मनातल्या मनात नावं घ्या, एक फेरी, फार तर दोन. पाठ करून ठेवायचा फायदा तो हाच. दोन्ही फेऱ्या संपल्या आणि तुम्ही अजून जाग्याच असाल, तर तिसरी करत पडून राहू नका. उठा, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, पेंग आली की परत अंथरुणावर. अमेरिकेतल्या बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितलेला हा नियम आजही वर्तनोपचारांचा कणा आहे. पलंग म्हणजे तळमळायची जागा, असं डोक्यात बसू द्यायचं नाही. त्या वेळात वाचायला काहीतरी नीरस हवं. मी त्यासाठी गाडीच्या विम्याची पॉलिसी दिवाणखान्यात काढून ठेवली आहे. अजून चौथ्या पानाच्या पुढे गेलेलो नाही.